जहाजांचा खेळ: सम-विषमाने शोध, लागल्यावर पाठलाग

मराठवाड्याला समुद्र नाही, तरी लातूर-नांदेडकडच्या होस्टेलवर राहिलेल्या कुणाच्याही जुन्या वह्या काढून बघा. मागच्या पानांवर दहा बाय दहाचे चौकोन, त्यात फुल्या आणि गोळे सापडतील. तोच हा खेळ. मिल्टन ब्रॅडली कंपनीने १९६७ मध्ये तो प्लास्टिकच्या पेटीत आणला, पण कागदावर तो त्याच्या कितीतरी आधीपासून खेळला जायचा. आता मोबाइलवरही आहे. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये परभणी सोडल्यावर मनमाडपर्यंत करायला काही नसेल, तर एक वही आणि दोन पेनांवर भागतं.

नियम बहुतेकांना ठाऊक असतात, म्हणून पटकन उरकते. प्रत्येकाची पाच जहाजं असतात. एक पाच चौकटींचं, एक चारचं, दोन तीन-तीनची आणि एक दोनचं, म्हणजे शंभरातल्या १७ चौकटी भरलेल्या. जहाज आडवं किंवा उभं ठेवायचं, तिरकं नाही. समोरच्याने एक चौकट सांगायची आणि आपण ‘पाणी’ किंवा ‘लागलं’ म्हणायचं. जहाजाची शेवटची चौकट लागली की ‘तीनचं बुडालं’ असं मापासकट सांगायचं. दोन जहाजं एकमेकांना चिकटून ठेवली तरी चालतात. ही शेवटची बाब खेळ सुरू होण्याआधीच ठरवून घ्या, कारण पुढचे बरेच डावपेच तिच्यावर अवलंबून आहेत.

जहाजं कशी लपवायची हा वेगळा विषय आहे. इथे फक्त शोधायचं कसं तेवढंच बघू.

आधी चौकोन नीट आखा

पेटीतल्या खेळात एका बाजूला अक्षरं आणि दुसऱ्या बाजूला आकडे असतात. कागदावर दोन्ही बाजूंना १ ते १० आकडेच लिहा. ओळ आधी, रकाना नंतर. ‘३-५’ म्हणजे तिसरी ओळ, पाचवा रकाना. अक्षरांचाच चौकोन समोर असेल तर पहिलं अक्षर एक, दुसरं दोन असं मनात धरा. दोन्हीकडे आकडे असले की त्यांची बेरीज करता येते, आणि शोधाची सगळी पद्धत त्या बेरजेवर उभी आहे.

बेरीज सम आली तर ती चौकट सम, विषम आली तर विषम. ३-५ ची बेरीज आठ, म्हणून सम. ३-६ विषम. शेजारच्या दोन चौकटी कधीच एका जातीच्या नसतात, त्यामुळे दोन चौकटींचं जहाज कुठेही ठेवा, त्याची एक चौकट सम आणि एक विषम असणारच. मोठ्या जहाजांचं तर बोलायलाच नको. म्हणजे फक्त सम चौकटींवर गोळे टाकत गेलात तरी एकही जहाज निसटत नाही, आणि शोधायची जागा शंभरावरून ५० वर येते. मनाला येईल तिथे मारत गेलं तर सगळ्या १७ चौकटी लागायला सरासरी ९५ च्या आसपास गोळे लागतात. म्हणजे जवळजवळ अख्खा चौकोन खोदून होतो.

समोरच्याला आपली ही रीत कळली तरी काही बिघडत नाही. तो जहाज कितीही हुशारीने ठेवो, दोन्ही जाती त्यात येतातच. मात्र सुरुवात नेहमी त्याच चौकटींवरून करू नका. कोणते गोळे आधी पडतात हे त्याला कळलं, तर त्या जागा तो मोकळ्या सोडतो. कधी सम घ्या, कधी विषम.

पन्नासही एका फेरीत नकोत

सम चौकटी एका टोकापासून ओळीने मारत सुटणं ही सगळ्यांची सवय. १-१, १-३, १-५, मग दुसरी ओळ. यात एकही जहाज सुटत नाही हे खरं, पण वेळ फार जातो. पाच आणि चारची जहाजं सापडायला इतकी दाट पेरणी लागतच नाही. त्यांना चार-चार चौकटींच्या अंतराने टाकलेले गोळेही पुरतात.

म्हणून सम चौकटींचे दोन भाग करा. ज्यांच्या बेरजेला चारने पूर्ण भाग जातो त्या पहिल्या फेरीच्या, आणि भाग देऊन दोन उरतात त्या दुसऱ्या फेरीच्या. पहिल्या चार ओळी अशा दिसतील. ‘प’ पहिली फेरी, ‘द’ दुसरी:

```
द · प · द · प · द ·
· प · द · प · द · प
प · द · प · द · प ·
· द · प · द · प · द
```

पाचवी ओळ पुन्हा पहिलीसारखी, सहावी दुसरीसारखी, असं खालपर्यंत. दोन्ही फेऱ्यांत २५-२५ चौकटी येतात. कुठल्याही ओळीत किंवा रकान्यात दोन ‘प’ मध्ये नेमक्या तीन चौकटी असतात, त्यामुळे चार किंवा पाचचं जहाज ‘प’ ला न शिवता बसूच शकत नाही. पहिली फेरी संपेपर्यंत ती दोन्ही सापडणारच. तीनचं जहाज मात्र त्या तीन चौकटींच्या फटीत अलगद बसतं, दोनचं तर बसतंच. ती दुसऱ्या फेरीत सापडतात.

पहिल्या फेरीतही क्रम महत्त्वाचा आहे. मधल्या चौकटी आधी, कडेच्या नंतर. कारण मोजून बघता येतं. पाचही जहाजांच्या सगळ्या शक्य जागा धरल्या, तर १-१ हा कोपरा फक्त १० जागांमध्ये येतो, आणि ५-५ ही मधली चौकट ३४ मध्ये. एका गोळ्यात मधली चौकट तिपटीहून जास्त शक्यता तपासते. पण दोन-तीन डाव खेळलेला गडी जहाजं कडेला ढकलायला लागतो, हेही खरं. अशा माणसासमोर मधल्या आठ-दहा चौकटी झाल्या की लगेच कडेच्या ‘प’ कडे वळा. रीत तीच, फक्त क्रम बदलतो.

आणि एक करा. नुकतंच जिथे पाणी निघालं, त्याच्या आसपास दुसरा गोळा नको, लांब जा. कोरड्या बोअरला लागून कुणी दुसरा बोअर मारत नाही, तसंच.

लागलं, आता काय?

सम-विषमाचा नियम शोधापुरताच आहे. गोळा लागला की तो बाजूला ठेवायचा, जहाज बुडवायचं आणि मग परत नियमावर यायचं. नवशिके इथे दोन प्रकारे चुकतात. काही जण एक चौकट लागली की ती तशीच सोडून शोध पुढे चालू ठेवतात. त्यात हाती आलेली माहिती वाया जाते. बाकीचे वर, उजवीकडे, खाली, डावीकडे असे घड्याळाच्या काट्याप्रमाणे चारही बाजू फिरतात. दुसरी चूक लहान वाटते, पण जास्त महाग पडते, कारण चारही बाजू क्वचितच सारख्या असतात. ज्या बाजूने जहाज बसायला जास्त जागा आहे, तिकडे आधी जायचं.

ही मोजणी कशी करायची ते एका डावावरून बघू. परभणीला भाचीबरोबर खेळलेला डाव आहे, आकडे तेव्हा वहीत लिहिलेलेच होते. ती अकरावीला आहे, आणि जहाजं चिकटवून ठेवायची तिला भारी हौस.

मी पहिल्या फेरीच्या मधल्या ‘प’ पासून सुरुवात केली. ६-६, ५-७, ४-४, ४-८, ७-५. पाचही पाणी. सहावा गोळा ३-५ वर लागला. पाचही जहाजं अजून शिल्लक होती.

आता ३-५ च्या शेजारी चार चौकटी: डावी ३-४, उजवी ३-६, वरची २-५, खालची ४-५. तिसरी ओळ पूर्ण मोकळी आहे. पाचव्या रकान्यात मात्र ७-५ ला पाणी निघालंय, म्हणून तिथे फक्त १ ते ६ ओळींची जागा उरते. प्रत्येक शेजारी चौकटीसाठी एकच प्रश्न विचारायचा: ३-५ आणि ही चौकट, दोन्ही झाकणारं जहाज किती प्रकारे बसेल?

उजवीकडच्या ३-६ चं बघा. पाचचं जहाज २, ३, ४ किंवा ५ या रकान्यापासून सुरू झालं तर दोन्ही झाकेल, म्हणजे चार प्रकार. चारचं तीन प्रकारे. तीनचं दोन प्रकारे, पण तशी जहाजं दोन, म्हणून चार. दोनचं एकाच प्रकारे. बेरीज १२. डावीकडेही तसंच मोजलं तर १२ च येतात. खालच्या ४-५ चे १० होतात आणि वरच्या २-५ चे ९, कारण उभं ठेवलेलं पाचचं जहाज त्या सहा ओळींत दोनच प्रकारे बसतं.

खेळताना इतकं काटेकोर मोजायची गरज नाही. आडव्या दिशेला दोन्ही बाजूंनी किती मोकळं आहे आणि उभ्या दिशेला किती, एवढं डोळ्यांनी बघितलं की बहुतेक वेळा उत्तर हेच येतं. आकडे अगदी जवळ असतील तेव्हाच मोजा.

डावी-उजवी सारखी होती, मी उजवीकडे गेले. ३-६ लागलं. दोन चौकटी एका रेषेत लागल्या की वर-खालचा विचार सोडायचा आणि त्याच रेषेत पुढे जायचं. ३-७, ३-८, ३-९. ‘पाचचं बुडालं.’ दहा गोळे झाले. यातल्या ३-६ आणि ३-८ विषम होत्या, पण पाठलागात ते बघायचं नसतं.

रेषेत जाताना मध्येच पाणी निघालं तर तिथून वळायचं नाही. रेषेच्या दुसऱ्या टोकाकडे उडी मारायची. आपण जहाजाच्या मधल्या चौकटीवर आधी पोचलो असू, तर उरलेलं जहाज मागच्या बाजूला असतं.

पुढे ५-३ आणि ९-७ ला पाणी निघालं. मग ६-२ लागलं. दुसरा रकाना वर-खाली पूर्ण मोकळा होता, तर सहाव्या ओळीत ६-६ च्या पाण्यामुळे पाचच चौकटींची जागा होती. म्हणून उभं बघायचं ठरवलं. ५-२ पाणी, मग ७-२, ८-२, ९-२. ‘चारचं बुडालं.’ एकूण १७ गोळे.

माप कमी झालं की पेरणी बदला

इथे थांबून हिशोब करायला हवा, आणि बहुतेक लोक नेमके इथेच थांबत नाहीत. पाच आणि चारची दोन्ही बुडाल्यावर पहिल्या फेरीचं काम संपलं. ‘प’ च्या चौकटी शिल्लक होत्या, पण त्या आता ‘द’ पेक्षा वेगळ्या नाहीत. तीन, तीन आणि दोनची जहाजं उरली, म्हणून सगळ्या सम चौकटी पुन्हा एकाच पंगतीला. त्यातून जिथे जास्त जागा, तिथे आधी.

मी चौकोनात मोकळे पट्टे बघितले. ८-८ भोवती सगळ्यात ऐसपैस जागा होती. आठव्या ओळीत ३ ते १० रकाने मोकळे, आठव्या रकान्यात ५ ते १० ओळी मोकळ्या. तिथून जाणाऱ्या जहाजांचे १६ प्रकार होत होते. ७-९ आणि ८-४ ला १४-१४ होते, वरच्या बाजूला १२ च्या पुढे काहीच नाही. म्हणून ८-८. लागलं.

आता चारही शेजाऱ्यांना सारखेच पाच-पाच प्रकार. डावी घेतली, ८-७. तीही लागली, पण बुडाल्याची हाक नाही. म्हणजे दोनचं नव्हे, तीनचं असणार. रेषेत पुढे ८-६: पाणी. दुसऱ्या टोकाला ८-९: पाणी.

भाची गालात हसत होती. “आता कुठं मारायलीस मावशे?” तिने विचारलं, आणि तिच्या आईने स्वयंपाकघरातून तिला दटावलं की तोंडावरून सगळं कळतंय.

दोन चौकटी एका रेषेत लागलेल्या, दोन्ही टोकांना पाणी, आणि जहाज मात्र बुडालेलं नाही. याचा अर्थ एकच. ही एका जहाजाची दोन अंगं नाहीत, शेजारी-शेजारी उभी असलेली दोन वेगळी जहाजं आहेत. चिकटवायला परवानगी असेल तेव्हा हे वारंवार होतं. इथे गोंधळून शोध सोडू नका, आणि पुन्हा त्याच रेषेत आणखी पुढेही जाऊ नका. रेषा मोडा आणि प्रत्येक लागलेल्या चौकटीचा वेगळा विचार करा, आडव्या रेषेला उभं.

आता जुनं पाणी कामाला येतं. सातव्या रकान्यात ५-७ आणि ९-७ ला पाणी होतं, म्हणजे त्या रकान्यात ६, ७, ८ या तीनच ओळी उरल्या. ८-७ चं जहाज खाली जाऊच शकत नाही, वरच जाणार. म्हणून ७-७ नक्की लागणार, यात शंकाच नाही. लागली. बुडाल्याची हाक आली नाही, म्हणजे दोनचं नाही, तीनचं. मग ६-७ ही तितकीच नक्की. ‘तीनचं बुडालं.’

उरली ८-८. आठव्या रकान्यात वर ७-८ आणि खाली ९-८, दोन्हीकडे सारखेच प्रकार. ९-८ लागली. हाक नाही, म्हणजे हेही तीनचंच. ते वर ७-८ पर्यंत असेल किंवा खाली १०-८ पर्यंत. निम्मी-निम्मी शक्यता. ७-८ पाणी, मग १०-८. बुडालं. एकूण २६ गोळे, आणि फक्त दोनचं जहाज शिल्लक.

या सगळ्या भागात कुठेही अंदाजाची कमाल नव्हती. प्रत्येक ‘पाणी’ लिहून ठेवलेलं होतं, आणि ‘बुडालं’ न ऐकणं हीही माहिती मानलेली होती. तुमच्या वहीत फक्त लागलेल्या चौकटींच्या फुल्या असतील आणि पाण्याच्या चौकटी कोऱ्या असतील, तर ७-७ नक्की लागणार हे कळणारच नाही. पाण्याला बारीक टिंब, लागलं तर फुली, बुडालेल्या जहाजाभोवती पूर्ण रेघ. बुडालेलं आणि नुसतं लागलेलं डोळ्यांना वेगळं दिसलंच पाहिजे.

बुडालं ऐकून खूश होऊ नका, मोजा

चिकटलेल्या जहाजांचा एक आणखी फसवा प्रकार आहे. समजा तुम्ही ४-३, ४-४, ४-५, ४-६ या क्रमाने मारलं आणि चारही लागल्या. चौथ्या गोळ्याला समोरचा म्हणाला, ‘तीनचं बुडालं.’ चार लागल्या आणि तीनचं बुडालं, म्हणजे एक चौकट दुसऱ्या कुणाची तरी आहे. कोणती? जहाज ज्या गोळ्याने बुडतं, ती चौकट त्याच जहाजाची असते. म्हणून ४-६ त्यातलीच, आणि तिच्यापासून मागे मोजली तर ४-४ पर्यंत. उरली ४-३. तिच्यावर दुसऱ्या जहाजाचं एक अंग आहे. पाठलाग संपलेला नाही, लगेच ४-३ च्या वर, खाली आणि डावीकडे जायचं.

डाव हरायला कारण ठरणाऱ्या गोष्टींत ही पहिल्या क्रमांकावर असावी असं मला वाटतं. जहाज बुडालं की लोक ते मनातून पुसतात, आणि सोबत एक सोन्यासारखी चौकटही पुसली जाते. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक हाकेनंतर लागलेल्या चौकटी मोजायच्या आणि बुडालेल्या जहाजांची मापं मिळवायची. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर उघडी राहिलेली चौकट कुठे आहे ते शोधा.

समोरचा फक्त ‘बुडालं’ म्हणत असेल, माप सांगत नसेल, तर रेषेत सलग लागलेल्या चौकटींवरून माप काढावं लागतं. मग चिकटलेल्या जहाजांची उकल बरीच अवघड होते. शक्य असेल तर माप सांगायचाच नियम ठेवा.

दोनचं आधी गेलं तर

वरच्या डावात दोनचं जहाज शेवटी उरलं, म्हणून सम चौकटी शेवटपर्यंत चालल्या. ते आधी बुडालं आणि तीन किंवा त्याहून मोठी उरली, तर दर दुसऱ्या चौकटीवर गोळा टाकायची गरज नाही. दर तिसऱ्या चौकटीवर टाका. बेरजेला तीनने भाग द्या आणि उरणारी बाकी एकच ठेवा: ०, १ किंवा २. तिन्हीपैकी कुठलीही निवडली तरी तीनचं जहाज सुटत नाही. चौकटी ३३ किंवा ३४ येतात, म्हणजे सम चौकटींपेक्षा सोळा-सतराने कमी.

कोणती बाकी निवडायची? ज्या बाकीच्या जास्तीत जास्त चौकटींवर आधीच गोळे पडलेत ती. तिन्हीची झटकन मोजणी करा. दुसरीकडून तिरक्या रेषाही चालतात, म्हणजे बेरजेऐवजी वजाबाकीला तीनने भाग देऊन. मग एकूण सहा पर्याय होतात, पण डाव मध्यावर असताना सहाही मोजत बसायचा कंटाळा येतो. मी तीनच बघते.

त्याहून सोपी चाळणी म्हणजे उरलेली चौकट घ्यायची आणि विचारायचं, हिच्यातून सलग तीन कोऱ्या चौकटींचा पट्टा आडवा किंवा उभा जातो का? जात नसेल तर तिथे टिंब द्या आणि विसरा. पहिली फेरी आणि काही पाठलाग झाले की अशा निरुपयोगी चौकटी निघतात.

शेवटचं एकटं दोनचं जहाज हा मात्र या पद्धतीचा खरा कमकुवत भाग आहे. माझ्या त्या डावात २६ गोळ्यांत चार जहाजं बुडाली होती, पण दोनच्यासाठी ३४ सम चौकटी अजून कोऱ्या होत्या. विषम कोऱ्या ४० होत्या, म्हणून समवरच राहायचं ठरवलं. जात बदलून फायदा होतो का, ते अशा वेळी नक्की मोजा. पाठलागात विषम चौकटींवर जास्त गोळे पडले असतील, तर उलटही होऊ शकतं. बाकी चारही शेजारी उडालेली चौकट वगळायची. ७-६ तशीच होती. तिच्या चारही बाजूंना आधीच गोळे पडलेले, तिथे दोनचं जहाज मावतच नाही. त्यापलीकडे इथे हुशारीला फारसा वाव नाही. ते कुठेही असू शकतं, आणि शेवटपर्यंत खणत जावं लागतं.

चिकटवायला बंदी असेल तर

काही ठिकाणी रशियातून आलेला प्रकार खेळतात. त्यात एक जहाज चारचं, दोन तीनची, तीन दोनची आणि चार जहाजं एकेका चौकटीची, म्हणजे एकूण २० चौकटी. जहाजं एकमेकांना शिवायची नाहीत, कोपऱ्यालाही नाही.

इथे पाठलाग सोपा होतो, कारण एका रेषेत लागलेल्या चौकटी एकाच जहाजाच्या असतात. जहाज बुडालं की त्याच्या आजूबाजूच्या सगळ्या चौकटी, तिरक्यासुद्धा, आपोआप पाणी. मध्ये उभं असलेलं चारचं जहाज बुडवलं तर आणखी १४ चौकटी फुकटात कळतात. तेच जहाज कडेला लागून असेल तर फक्त आठ कळतात. म्हणून या प्रकारात जाणते खेळाडू मोठी जहाजं कडेला ठेवतात, आणि शोधताना तुम्ही कडा लवकर बघायला हव्यात.

एका चौकटीच्या जहाजांवर मात्र सम-विषम चालत नाही. ती एकाच जातीची असतात, आणि चारही विषमवर असली तर सम चौकटींचा शोध त्यांना शिवतच नाही. म्हणून आधी सम-विषमाने चार, तीन आणि दोनची जहाजं बुडवा, त्यांच्याभोवतीच्या पाण्याच्या चौकटी टिंबांनी भरा, आणि उरलेल्या कोऱ्या चौकटी हाच एकांड्यांचा शोध. मोठी जितकी मध्ये सापडतील, तितकी ती यादी लहान होते.